बंबात गेलेली बिलं

माझ्या मामेभावाच्या दुकानात, गल्ल्याच्या मागं, देवाच्या फोटोखाली माझं एक पत्र टांगलेलं आहे. दोन कागद, पाठपोट लिहिलेले, लॅमिनेशन केलेले, वर भोक पाडून सुतळीनं ओवलेले. पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माल मोजून होईपर्यंत ते उलटून-पालटून वाचतं. एकानं तर मला ओळखलं. "बिलाचं पत्र लिवलेल्या बाई तुमीच का?" मी हो म्हणाले आणि काहीतरी राहिल्याचं निमित्त करून गाडीत जाऊन बसले. त्या पत्राचा मला अभिमान वाटायला हवा. प्रत्यक्षात ते दिसलं की मी अजून त्या भिंतीकडं पाठ करून उभी राहते.

मी नांदेडला चार्टर्ड अकाउंटंट आहे. वीस वर्षं लोकांचे कागद बघते. एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलेलं नाही. ऑफिसला कुलूप लावून जिना उतरते आणि अर्ध्यातून परत वर जाऊन कुलूप ओढून बघते. भरलेलं रिटर्न पुन्हा उघडून आकडे तपासते, जणू ते माझी पाठ वळताच बदलणार आहेत. नवरा म्हणतो, तुझ्या अंगात मुंग्या आहेत. असतील. पण त्याच मुंग्यांवर माझा धंदा चालतो, असं मी त्याला ऐकवत असे. या गोष्टीनंतर ते ऐकवणं मी बंद केलं.

मामेभाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. उदगीरला एका पाइपच्या दुकानात पंधरा वर्षं तो पगारावर होता. कुठल्या कंपनीचा पाइप कुठं फुटतो हे त्याला झोपेतही सांगता येईल. मग त्यानं आणि त्याच्या बायकोनं ठरवलं, जळकोटला स्वतःचं दुकान टाकायचं. पाइप, ठिबक, फिटिंग, मोटारीचं सामान. भांडवलातला निम्म्याहून जास्त पैसा भावजयीचा होता, शिलाई मशिनवर वाकून साठवलेला. म्हणून मी हट्टानं दोघांची भागीदारी फर्म करायला लावली. तिच्या पैशाला तिचं नाव असावं, एवढाच माझा विचार. फर्मला कर जास्त बसतो हे मी दोघांना सांगितलं होतं. तेव्हा भावजय म्हणाली होती, "नाव लागतंय न्हवं, मग बसू द्या."

अक्षय तृतीयेला दुकान उघडायचं ठरलं. त्याच्या आधी पंधरा दिवस मी भावाला रोज फोनवर बिलांचं सांगत होते. तो हाव, हाव म्हणायचा. शेवटी एक दिवस म्हणाला, "अक्का, तू बोलून राहिलीस तवर समदं कळतंय. फोन ठेवला की डोस्कं कोरं. कागदावर लिहून दे."

मी ऑफिसच्या लेटरहेडवर हातानं पत्र लिहिलं. मला लिहायला आवडतं, पण माझ्या धंद्यात कुणी पत्र लिहायला सांगत नाही. त्यामुळं मी जरा रंगातच आले. पत्रातला काही भाग इथं देते. तो माझ्याकडं उतरवलेला आहे.

"नफा म्हणजे विक्रीतून खर्च वजा. विक्री किती झाली ते सरकारला तुझ्या जीएसटीवरून कळतंच. खर्च किती झाला ते मात्र तू सांगायचं असतं, आणि नुसतं सांगून भागत नाही. टेम्पोवाल्याला भाडं दिलंस हे तुला माहीत, टेम्पोवाल्याला माहीत. उद्या तपासणी लागली तर अधिकाऱ्याला ते कुठून माहीत असणार? कागद नसेल तर तो खर्च झालाच नाही असं तो धरू शकतो. म्हणजे तुझ्या खिशातून गेलेला पैसा तुझाच नफा म्हणून मोजला जाईल आणि त्यावर तू कर भरशील.

"तुमची फर्म आहे. एकट्या माणसाला ठरावीक उत्पन्नापर्यंत जशी सूट असते तशी फर्मला नसते. पहिल्या रुपयापासून तीस टक्के, वर उपकर. शंभर रुपयांची पावती हरवली तर एकतीस रुपये हरवले असं समज.

"बाजारात कुणीतरी तुला सांगेल, बिलंबिलं सोड, विक्रीच्या आठ टक्के नफा दाखव आणि मोकळा हो. तशी सोय कायद्यात आहे. बँकेतून आलेल्या विक्रीवर तर सहाच टक्के धरतात. पण तुझ्या पाइपात सगळा खर्च जाऊन तीन टक्के उरले तरी तू नारळ फोडशील. न झालेल्या नफ्यावर कर कशाला भरायचा?

"हमाल बिल देणार नाही. त्याच्यासाठी तू व्हाउचर कर. तारीख, नाव, कशाबद्दल, किती, आणि खाली त्याची सही नाहीतर अंगठा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख देऊ नकोस. तेवढं रोख दिलंस तर पावती असूनही तो खर्च वजा होत नाही. गुळगुळीत कागदावरची पावती चार महिन्यांत पांढरी पडते, तिची झेरॉक्स काढ. रॅक आणि काउंटरचं बिल जप. तो पैसा एकाच वर्षी वजा होत नाही, घसारा म्हणून थोडा थोडा होतो. आणि मामीचं औषध, पोरांची फी दुकानाच्या थैलीत घुसवू नकोस. ते घरचं आहे.

"बिल म्हणजे तुझा साक्षीदार. तू दुकानात नसलास तरी तो बोलतो."

या शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होते. ऑफिसात दोन जणांना वाचून दाखवलं. पत्र कुरिअरनं गेलं आणि आठ दिवसांनी मला फोटो आला. पत्र लॅमिनेशन होऊन भिंतीवर लटकलं होतं आणि खाली भावजय गल्ल्यावर बसली होती.

दुकान चाललं. जीएसटीचे रिटर्न उदगीरचे एक सल्लागार भरत. त्यांना खरेदी-विक्रीच्या बिलांचे फोटो जात. वर्षाचा हिशेब आणि आयकर माझ्याकडं. मधे मी दोनदा जळकोटला जाऊन आले, एकदा उद्घाटनाला आणि एकदा पोळ्याच्या सुमाराला. दुसऱ्या खेपेला भावजयीनं मला बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. महिन्या-महिन्याचे गठ्ठे, रबर लावलेले. टेम्पोच्या पावत्या, हमालीची व्हाउचरं, जागेच्या भाड्याच्या चिठ्ठ्या. अंगठे सुद्धा कसे नीट उमटलेले. माझे मोठे मोठे अशील असं ठेवत नाहीत. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि निर्धास्त झाले. निर्धास्त होणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा झाले.

जूनमध्ये दोघं नांदेडला आले. भावानं तोच डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी गठ्ठे काढायला लागले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, असं करत मार्चपर्यंत. डबा रिकामा झाला. मला वाटलं दुसरा डबा गाडीत आहे.

"आधीचे आण ना."

"आधीचे कोणते?"

"मे महिन्यापासूनचे. दिवाळीपर्यंतचे."

भाऊ माझ्याकडं असा बघायला लागला की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "ते चुकते झालते की, अक्का. टेम्पोवाल्याचं देणं न्हाई, हमालाचं न्हाई. दिवाळीला नवी वही घातली. जुने बंबात घातले. बाबांची रीत."

मी खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, परत गेले. मला ओरडायचं होतं. पण आवाज फुटण्याआधी मला बंबच दिसला.

आम्ही लोह्याला राहायचो आणि दिवाळीला जळकोटला मामाकडं जायचो. मामा बाजारच्या दिवशी कापडाचा गठ्ठा घेऊन गावोगाव बसायचे. उदगीरच्या व्यापाऱ्यांकडून माल उधारीवर आणायचे, आणि वर्षभर त्यांच्या टोपीत, खिशात, उशाखाली चिठ्ठ्या असायच्या. देणं भागलं की चिठ्ठीवर आडवी रेघ मारायची आणि ती एका पिशवीत टाकायची. नरक चतुर्दशीला पहाटे तांब्याचा बंब पेटवताना ती पिशवी त्यात रिकामी करायची. चुकती झालेली चिठ्ठी घरात ठेवली तर उद्या कुणीही ती दाखवून पुन्हा पैसे मागेल, अशी त्यांना भीती. दोन पिढ्यांमागं तसं काही झालं होतं म्हणे. मामी उटणं लावायची आणि मामा म्हणायचे, "पोरींनो, ह्या पाण्यात समदं वर्ष हाय, कान धुवा." त्या पाण्यानं मी दहा-बारा दिवाळ्या न्हाले आहे.

आणि चार पानांच्या पत्रात मी एकदाही लिहिलं नव्हतं की कागद किती दिवस ठेवायचे.

हे मी त्या वेळी कुणाला बोलले नाही. त्या वेळी मी भावाला बोलले. वाट्टेल ते बोलले. पंधरा वर्षं दुकानात काय केलंस, एवढं साधं कळत नाही का, भिंतीवर पत्र लावलं ते काय शोभेला? तो मान खाली घालून बसला. मोठा झालेला, मिशीत दोन पांढरे केस आलेला माणूस, माझ्यासमोर सातवीत नापास झाल्यासारखा. भावजय एक अक्षर बोलली नाही. ती डब्याचं झाकण हातात धरून होती.

मी आकडे मांडले. मालाची खरेदी सुरक्षित होती. बिलांचे फोटो उदगीरला होते, पोर्टलवरही ती दिसत होती. लाइटबिल पुन्हा काढता येत होतं. पण टेम्पोचं भाडं, हमाली, जागेचं भाडं, गावोगाव भिंती रंगवून घेतल्या त्याचे पैसे, यातल्या कशावरच जीएसटी नव्हता. म्हणून फोटोही नव्हते. जुन्या वहीत आकडे होते. दाखवायला कागद नव्हता. सगळे मिळून तीन लाखांच्या आसपास. ते वजा केले नाहीत तर त्यावर नव्वद हजारांच्या वर कर. आठ टक्क्यांच्या सोयीनं भरावं तर कर आणखीच वाढत होता. ते गणित मी तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा वैतागले.

"नव्वद हजार म्हंजी दोन टेम्पो फिटिंग," भावजय म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच बोलली. पुढच्या हंगामाचा माल भरायला त्यांनी जे बाजूला ठेवलं होतं, ते तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात टिकले नाही. दोन अशिलांना पुढच्या तारखा दिल्या आणि गाडी काढून लोहा, कंधार करत जळकोट गाठलं. काय करायला जातेय हे मलाच माहीत नव्हतं. दुकानात भाऊ नव्हता. भावजय एका शेतकऱ्याला एल्बो मोजून देत होती. मी गल्ल्याच्या मागं जाऊन उभी राहिले आणि माझंच पत्र वाचायला लागले. एकदा वाचलं. उलटून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला आशा होती की कुठंतरी, एखाद्या कोपऱ्यात, मी ती ओळ लिहिली असेल. आमच्या धंद्यात मार्च हा महिना इतका अंगात भिनलेला असतो की सरकारी वर्ष मार्चला संपतं हे सांगायचं राहून जातं. बिलाची चिठ्ठी पैसे दिल्यावर मरत नाही, उलट आमच्या दृष्टीनं तिचं काम पैसे दिल्यावरच सुरू होतं, हे मी मामाच्या पोराला सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही सांगितलं तरी चाललं असतं. मामाच्या पोराला नाही.

मामी आतून आली. ऐंशीच्या घरातली, हलकी झालेली. "बाई, पोराला लई बोललीस म्हणं," ती म्हणाली. "मीच पेटवला बंब. मला बोल."

मी तिच्या पाया पडले आणि निघाले.

सोमवारी भाऊ एकटाच नांदेडला आला. पिशवीतून त्यानं व्हाउचरची चार कोरी पुस्तकं काढली आणि टेबलावर चार पेनं मांडली. दोन निळी, एक काळं आणि एक हिरवं.

"अक्का, लिहून टाकू. आकडे वहीत हायतच, खोटं काय हाय त्यात? येगयेगळ्या पेनानं लिवतो. अंगठे मी आन ती दोघं मिळून..."

"हिरवं कशाला आणलंस?"

"म्हंजी खरं वाटंल."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ भयंकर मोह झाला. कुणाला सांगितलं नाही ते इथं सांगते. रिटर्नसोबत एकही बिल जोडायचं नसतं. आकडा भरायचा आणि पाठवायचं, कुणी काही बघत नाही. कागद लागतो तो प्रकरण तपासणीला निघालं तर, आणि ते निघेलच असंही नाही. खर्च खरोखर झालेला होता, तो डबा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि चूक माझी होती. दोन दिवसांत ती चूक मिटवता येत होती, कुणालाही न कळता.

मी निळं पेन उचललं आणि एक व्हाउचर लिहिलं. मागच्या ऑगस्टची तारीख, हमाली, सहाशे रुपये. अक्षर माझं नेहमीचं, टपोरं. खाली सहीची जागा मोकळी होती, आणि तिथं कुणाचं तरी बोट टेकवायचं होतं. मामाचं पोर माझ्यासमोर स्वतःचा अंगठा शाईत बुडवायला तयार बसलं होतं. तपासणीत असं एखादं बनावट व्हाउचर सापडलं तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, हे मी रोज लोकांना सांगते. पण खरं सांगायचं तर मला दंडाची भीती वाटली नाही. मला त्या अंगठ्याची लाज वाटली. मी कागद फाडला, पेनं त्याच्या पिशवीत परत टाकली आणि म्हणाले, "माल लातूरहून येतो ना? उद्या तिथं जायचं. टेम्पोवाला कुठं राहतो?"

"त्यो काय देणार? जुनं झालं समदं."

"विचारायला काय जातं?"

लातूरला पाइपच्या घाऊक गोदामाबाहेर टेम्पो रांगेत लागतात. आम्ही अकराच्या उन्हात तिथं पोचलो. टेम्पोवाला पन्नाशीचा, कानात अत्तराचा फाया. भावाला बघून खूश झाला, नवीन खेप मिळणार म्हणून. भावानं अडखळत सगळं सांगितलं. बंबाचं सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की टेम्पोवाल्यानं दोनदा विचारलं, काय जाळलं म्हणून.

मग तो केबिनमध्ये चढला आणि सीटखालून एक डायरी घेऊन आला. डिझेलचे डाग पडलेली, पोट फुगलेली. गाडीचं ऑइल किती किलोमीटरवर बदलायचं ते कळावं म्हणून तो प्रत्येक खेप लिहून ठेवायचा. तारीख, गाव, किलोमीटर, भाडं. पानापानावर जळकोट होतं. जळकोट पाइप बेचाळीसशे. जळकोट फिटिंग अडतीसशे. मी गाडीच्या बॉनेटवर डायरी ठेवली आणि आमच्या वहीशी एकेक खेप ताडून बघायला लागले. जुळत होतं. एका ठिकाणी दोनशे रुपयांचा फरक निघाला, तर टेम्पोवाला म्हणाला, "त्या दिशी वाटंत जांब गावाला पंक्चर झालतं, ह्यांनी दोनशे जादा दिलते. हिसाब साफ हाय, बाई." भाऊ म्हणाला, हाव, दिलते. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

त्यानं आजच्या तारखेनं लिहून दिलं की अमुक तारखांना एवढं भाडं मला मिळालं. नाव, गाडीचा नंबर, सही, सोबत डायरीच्या पानांची झेरॉक्स. मागची तारीख कुठंही नाही. काही खेपांचे पैसे भावानं मोबाइलवरून दिले होते, ते बँकेच्या उताऱ्यात सापडले. भिंती रंगवणारा लातूरच्याच गंजगोलाई बाजाराजवळ भेटला. त्याच्या मोबाइलमध्ये प्रत्येक रंगवलेल्या भिंतीचा तारखेसकट फोटो होता. त्यानंही लिहून दिलं, शिवाय पुढच्या भिंतीचं काम मागितलं. जागामालक जळकोटचाच, त्यानं भाडं मिळाल्याचं कुरकुरत लिहून दिलं. हे कागद मूळ पावत्यांइतके भक्कम नाहीत, हे मी भावाला बजावलं. पण खरे आहेत, आणि विचारलं तर उभे राहतील.

हमाली राहिली. हमाल रोज नाक्यावरचे, आज हे उद्या ते. दिवाळीनंतर बरेचसे ऊसतोडीला गेले ते नाक्यावर परतलेच नव्हते. जे भेटले ते म्हणाले, बाई, तुम्ही म्हणाल तेवढं सांगतो. तसं मला नको होतं. पंच्याहत्तर हजारांची हमाली मी सोडून दिली. ती खर्चात धरली नाही. त्यावरचा कर तेवीस हजारांच्या वर आला.

तो आकडा मला गिळवेना. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्नचे कागद घेऊन मी जळकोटला गेले तेव्हा पर्समध्ये पाकीट होतं. साडेतेवीस हजार, माझे. दुकानात दोघंही होते. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, सह्या कुठं करायच्या, चलन कसं भरायचं. भावजयीनं खुर्ची पुढं सरकवली, मी बसले नाही. शेवटी पाकीट गल्ल्यावर ठेवलं.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"हमालीवरचा कर. तो माझ्याकडून."

भाऊ म्हणाला, "अक्का, खुळी का काय?" भावजयीनं पाकीट उघडून आत बघितलं. मग वही पुढं ओढली आणि पेन हातात घेतलं.

"हे आमच्या वहीत कशात लिवू?"

वीस वर्षांत मला कुणी हिशेबाचा प्रश्न विचारून गप्प केलं नव्हतं.

तिनं पाकीट माझ्या पर्समध्ये परत घातलं आणि चेन लावली. "तुमची फी किती?"

"आपल्या माणसांकडून मी फी..."

"पत्रात तुमीच लिवलंय, दुकानापायी झालेला खर्च वजा होतो. तुमी लातूरला उन्हात फिरल्या ते दुकानापायीच की. फी सांगा. आन पक्कं बिल द्या."

माझं बिलबुक गाडीत होतं. ते आणलं आणि गल्ल्यावर ठेवून बिल लिहिलं, दुसऱ्यांना लावते त्याच दरानं, कारण कमी लिहिलं असतं तर तिनं विचारलं असतं. तिनं मोबाइलवरून पैसे पाठवले. सही करून झाल्यावर मी पेन तसंच धरून राहिले आणि बिलाच्या खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: हा कागद पैसे दिल्यावरही टाकू नये. वर्ष मार्चला संपतं, दिवाळीला नाही. त्यानंतर आठ वर्षं जपावा.

भावजयीनं बिल वाचलं. खालची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"ही ओळ पत्रात नव्हती, अक्का."

"नव्हती," मी म्हणाले.

"मला म्हाईत हाय. मी रोज बसते त्याच्याखाली. जूनपासून लई येळा वाचलं."

ती एवढंच म्हणाली. जूनमध्ये, माझ्या ऑफिसात, मी तिच्या नवऱ्याला तोंडाला येईल ते बोलत होते तेव्हाही ती डब्याचं झाकण धरून गप्प बसली होती. त्यानंतरचे दोन महिने तिला ठाऊक होतं चूक कुणाची, आणि तिनं ते मला ऐकवलं नाही, नवऱ्यालाही ऐकवू दिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी भावाकडं वळून म्हणाले, "मी तुला फार बोलले रे." तो पाइपाची टोकं मोजल्यासारखं करत म्हणाला, "चहा घे."

भावजयीनं बिल पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं. मी तिनं केव्हाची पुढं केलेली खुर्ची ओढली आणि बसले. चहा आला. तो संपला तरी मी बराच वेळ उठले नाही.